एका उत्तरपत्रिकेत दोन पेन, दोन हस्ताक्षरं: त्यावरून काय कळतं आणि काय कळत नाही

गठ्ठ्यातली एखादी उत्तरपत्रिका उघडावी, चार पानं निळ्या शाईत एका लयीत गेलेली असावीत आणि पाचव्या पानाच्या मध्यावर एकदम काळी शाई यावी, अक्षरही बारीक आणि ताठ व्हावं. तपासणाऱ्याचा हात तिथे थांबतो. थांबायलाही हवा. पण पुढच्या दोन मिनिटांत डोक्यात जे घडतं त्याची मला नेहमी काळजी वाटते, कारण ‘शाई वेगळी आहे’ इथून ‘हे दुसऱ्या कुणी लिहिलंय’ आणि तिथून ‘यात गडबड आहे’ इथपर्यंत मन एका दमात पोचतं. मध्ये तीन वेगळे प्रश्न आहेत. पेन बदलला का? लिहिणारा माणूस बदलला का? आणि बदलला असेल, तर तशी परवानगी होती का? पहिल्याचं उत्तर बहुतेकदा पानावर मिळतं. दुसऱ्याचं कधी मिळतं, कधी मिळत नाही. तिसऱ्याचं उत्तर पानावर नसतंच, ते परीक्षेच्या खोलीतल्या नोंदींत असतं.

पेनापासून सुरुवात करू. तीन तास लिहिताना पेन बदलणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. रिफिल संपते, बॉल अडकतो, पेन खाली पडून टोक बिघडतं, शेजारच्या बाकावरून किंवा पर्यवेक्षकांकडून पेन मागून घेतला जातो. काहीजण शीर्षकांना एक आणि मजकुराला दुसरा पेन वापरतात. काहीजण आकृत्या वेगळ्या पेनाने काढतात आणि मग तोच हातात राहतो म्हणून पुढची दोन पानं त्यानेच लिहितात.

पेन बदलला की अक्षरही थोडं बदलतं, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. ती उतरायला पेन जरा उभा धरून दाबावा लागतो. त्यामुळे रेघ कागदात रुतते, वळणावर शाईचा बारीकसा गोळा साठतो, जोरकस रेघ आणि हलकी रेघ यांतला फरक दिसतो. जेल पेनची शाई पातळ. तो जवळजवळ न दाबता चालतो, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते आणि अक्षर घसरतं किंवा गोल होतं. एकाच माणसाने पाच मिनिटांच्या अंतराने या दोन पेनांनी लिहिलेल्या ओळी शेजारी ठेवल्या, तर त्या दोघांच्या वाटू शकतात. म्हणून शाई आणि अक्षर एकाच जागी बदललेलं दिसलं, तर संशय दुप्पट करण्याचं कारण नाही. दुसरा बदल पहिल्यातूनच आलेला असू शकतो. उलट पेन तोच आहे आणि अक्षर मात्र एकदम वेगळं झालंय, ही स्थिती अधिक लक्ष देण्यासारखी.

यापुढे मी स्वतः जे सगळ्यात आधी बघतो ते म्हणजे बदलाची जागा. काय बदललं याच्याइतकंच कुठे बदललं हे महत्त्वाचं असतं. वर सांगितलेलीच उत्तरपत्रिका पुढे नेऊ. पान ५ च्या मध्यावर प्रश्न ३ (आ) आहे. त्याचं उत्तर अकरा ओळींचं, काळ्या जेल पेनाने, बारीक आणि ताठ अक्षरात. त्याच्या आधीचं सगळं आणि पान ६ पासूनची पुढची बरीच पानं निळ्या बॉलपेनने, मोठ्या आणि उजवीकडे कललेल्या अक्षरात. म्हणजे मध्येच एक बेट. असं बेट दिसलं की कोरी जागा नंतर कुणीतरी भरली असावी अशी शंका पहिली येते, आणि ती बरोबरच आहे. जागा नंतरच भरली गेली आहे. प्रश्न एवढाच की कुणी आणि कधी.

आता नीट बघू. ‘३ (आ)’ हा क्रमांक निळ्या शाईत आहे. म्हणजे परीक्षार्थीने क्रमांक घातला, उत्तर आठवेना म्हणून अर्धं पान सोडलं आणि पुढे गेला. मग शेवटपर्यंत पानं उलटायची. पान १९ वर निळी शाई फिकट होत गेलेली दिसते. एका शब्दात रेघ तुटली आहे, समासात पेन चालतोय का हे बघण्यासाठी गिरवलेल्या तीन-चार वेटोळ्या आहेत, आणि त्याच वाक्याचा उरलेला भाग काळ्या जेल पेनात आहे. तिथून पुरवणीच्या शेवटपर्यंत काळीच शाई. इथे कोडं सुटतं. पेन वाक्याच्या मधोमध बदललाय आणि वाक्याचा अर्थ तसाच पुढे चालू आहे. वाक्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्या माणसाने ते त्याच व्याकरणात, त्याच विचारात पूर्ण करणं फार अवघड असतं. म्हणजे काळा पेन परीक्षार्थीच्याच हातात आला होता. पुरवणी संपवून वेळ उरला, तेव्हा तो पान ५ वर परत आला आणि सोडलेली जागा त्याच पेनाने भरली. अक्षर बारीक का? कारण उत्तर अकरा ओळींचं आणि जागा अर्ध्या पानाची. पुरवणीतलं काळं अक्षर मोठं आहे, पण तेही निळ्यापेक्षा ताठच आहे. पेनाचा परिणाम दोन्हीकडे सारखा दिसतो.

हीच खूण उलट बाजूनेही वापरता येते. समजा पान ५ वरची काळी शाई उत्तरपत्रिकेत दुसरीकडे कुठेच नसती, तर? तेव्हाही ‘हे बाहेरच्याचं’ असं म्हणता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत मागून घेतलेला पेन असाच एका ठिकाणी दिसेल. पण पुढचं बघायला हवं. कोऱ्या जागांवर तिरकी रेघ मारायची पद्धत असेल, तर तो मजकूर त्या रेघेला कसा भेटतो? अक्षरं रेघेच्या अलीकडे-पलीकडे दाटीवाटीने बसवली असतील, शब्द तोडून रेघ टाळली असेल, तर रेघ आधी होती आणि मजकूर नंतर आला. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर वरची कुठली आणि खालची कुठली हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं फसवं असतं, बॉलपेनच्या बाबतीत तर फारच. पण टाळलेली रेघ फसवत नाही. तपासून विद्यार्थ्याला परत दिलेल्या आणि ‘याचे गुण द्यायचे राहिले’ म्हणून पुन्हा आलेल्या उत्तरपत्रिकेतही हेच बघायचं असतं: मजकूर परीक्षकाच्या लाल खुणेला वळसा घालून गेलाय का?

आता हात. एकाच माणसाचं अक्षर कधीही हुबेहूब तेच येत नाही. प्रत्येकाच्या लिखाणाला चढ-उताराची स्वतःची कक्षा असते. तीन तासांच्या परीक्षेत ती कक्षा बरीच रुंद होते. पहिल्या पानावर अक्षर जपून काढलेलं असतं. दोन तासांनी ते मोठं, सैल आणि घाईचं होतं, ओळी वर किंवा खाली सरकतात, वेलांट्या लांबतात, शिरोरेषा सुटतात. हात दुखायला लागला की पेनाची पकड बदलते, आणि पकड बदलली की कल बदलतो. म्हणून आकार, कल, दाब आणि सुबकपणा या चार गोष्टी पटकन डोळ्यांत भरतात, पण लिहिणाऱ्याबद्दल त्या फार कमी सांगतात.

सवयीच्या बारीक गोष्टी जास्त सांगतात, कारण लिहिणारा त्यांचा विचार करत नाही. देवनागरीत शिरोरेषा हे त्याचं चांगलं उदाहरण. कुणी शब्द पूर्ण लिहून मग एका दमात वर रेघ ओढतो, कुणी प्रत्येक अक्षराबरोबर तुकडा काढतो, कुणी देतच नाही. थकल्यावर रेघ वाकडी होईल, पण काढण्याचा क्रम सहसा तोच राहतो. ‘ल’ आणि ‘श’ कुठल्या वळणाचे आहेत, ‘अ’ कसा सुरू होतो, ‘झ’ची मोडणी कशी, अनुस्वार टिंब आहे की छोटी आडवी रेघ, रफार अक्षराच्या नेमका वर बसतो की पुढे पडतो, ‘५’ आणि ‘९’ खालून वर जातात की वरून खाली. शब्दांमधलं अंतर, समास सोडण्याची पद्धत, खोडण्याची पद्धतही यात आली. एकजण एका रेघेने खोडतो, दुसरा काळा ठिपका होईपर्यंत गिरवतो. आणि हाताशी संबंध नसलेली एक खूण म्हणजे शुद्धलेखन. अकरा पानं ‘आणी’ लिहिणारा बाराव्या पानापासून न चुकता ‘आणि’ लिहू लागला, तर ते थकव्याने होत नाही.

यातली कुठलीही एक गोष्ट पुरेशी नाही. काहीजण दोन प्रकारचे ‘ल’ एकाच ओळीत लिहितात. म्हणून तुलना करताना आधी त्या माणसाच्या निर्विवाद पानांवर त्याची कक्षा किती रुंद आहे ते बघायचं, आणि मगच शंकेची पानं त्या कक्षेत बसतात का हे विचारायचं. आधी शंकेचं पान बघून मग फरक शोधत बसलं की फरक सापडतातच. आणखी एक तपासणी मला उपयोगी वाटते: बदल हळूहळू आलाय की एका ओळीत? थकवा हळूहळू चढतो. तो पान ९ वर थोडा, पान १२ वर जास्त आणि पान १६ वर स्पष्ट दिसतो. दोन माणसांमधली सीमा मात्र एकाच जागी असते आणि दोन्ही बाजूंना अक्षर आपापल्या जागी स्थिर असतं.

अशी सीमा असलेली उत्तरपत्रिका कशी दिसते? भौतिकशास्त्राचा पेपर घेऊ. पान ११ च्या तळापर्यंत एक हात. पान १२ च्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दुसरा. पेन दोन्हीकडे तोच निळा. आधी शिरोरेषा सलग, नंतर तुटक. ‘ल’ आणि ‘९’ दोन्ही बदललेले, ‘आणी’चं ‘आणि’ झालेलं, खोडण्याची पद्धत बदललेली. हळूहळू होणारा बदल कुठेच नाही. इथे दोन हात आहेत असं म्हणायला मी कचरणार नाही. पण ‘परीक्षार्थीच्या जागी दुसऱ्याने पेपर लिहिला’ असं म्हणायला जरूर कचरेन, आणि त्याचं कारणही त्याच पानांवर आहे. पान १३ वर ‘गणता’ लिहून खोडलंय आणि पुढे ‘घनता’ लिहिलंय. पान १४ वर ‘बार’ खोडून ‘भार’ केलंय. या कानाच्या चुका आहेत. विषय येणारा माणूस मनातून लिहिताना घनतेला गणता लिहिणार नाही. समोरच्या कागदावरून उतरवून घेणाऱ्याच्या चुका वेगळ्या असतात. त्याची नजर एका ओळीतल्या शब्दावरून खालच्या ओळीतल्या त्याच शब्दावर उडी मारते आणि मधला तुकडा गळतो. ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून मात्र सारख्या आवाजाचे शब्द चुकतात. म्हणजे ही पानं बहुधा कुणीतरी सांगितलेली ऐकून लिहिली आहेत.

कुणी सांगितली, कुणी लिहिली आणि ते नियमात होतं का, हे मात्र पान सांगत नाही. दृष्टी किंवा हातांचा प्रश्न असलेल्यांना लेखनिक मिळतो. परीक्षा चालू असताना बोट कापलं, मनगट आखडलं, तरी काही ठिकाणी तिथल्या तिथे लेखनिक दिला जातो. तो त्या विषयाचा जाणकार नसावा असाही नियम बऱ्याचदा असतो, आणि मग ‘गणता’ होणं साहजिक. तपासणाऱ्याला परीक्षार्थीचं नाव कळू नये म्हणून ही नोंद अनेकदा त्याच्यापर्यंत येतच नाही. म्हणजे दोन हात खरे असूनही गैर काहीच नाही, ही शक्यता तपासणाऱ्याला आपल्या खुर्चीत बसून फेटाळता येत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. गडबड खरंच झाली असेल, तरी ती परीक्षार्थीनेच केली असं ठरत नाही. उत्तरपत्रिका त्याच्या हातून गेल्यावर ती बऱ्याच हातांतून जाते.

पडद्यावर प्रतिमा बघून तपासणी करत असाल तर आणखी एक अडचण असते. करड्या रंगात स्कॅन केलेल्या पानावर निळा आणि काळा जवळजवळ सारखे दिसतात. उलट एकाच पेनाची हलकी आणि जोरकस रेघ दोन पेनांची वाटू शकते. दाब तर दिसतच नाही. अशा वेळी पेनाबद्दल काही ठरवू नये, मूळ प्रत बघावी असं सुचवावं.

कारण मूळ कागदात शाईपेक्षा जास्त काही असतं. बॉलपेनने लिहिताना खालच्या पानावर दाबाच्या खाचा उमटतात. शिवलेल्या उत्तरपत्रिकेत उजव्या बाजूच्या पान ११ वर लिहिलं की खाचा पान १३ वर पडतात, १३ च्या १५ वर. खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरला की त्यांच्या सावल्या दिसतात. पान १५ वर पान १३ चाच मजकूर उमटलेला असेल, तर १३ लिहिताना १५ त्याच्या खाली होतं. पण तिथे उत्तरपत्रिकेत कुठेच नसलेल्या ओळी उमटल्या असतील, तर मधलं एखादं पान बदललं गेलंय का, हा गंभीर प्रश्न उभा राहतो. निदान त्या पानावर काहीतरी ठेवून लिहिलं गेलंय, जे आता तिथे नाही. एखाद्याने नुसत्या कच्च्या कागदावर आकडेमोड केलेली असू शकते, हेही लक्षात ठेवायचं. खाचा बघायच्या, पण त्यावर पेन्सिल घासून त्या उठवायच्या मात्र नाहीत. त्याने पुरावा जातो. प्रयोगशाळेत यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक विद्युतभाराचं उपकरण वापरलं जातं. कागदावर पातळ फिल्म ताणून, भार देऊन काळी पूड सोडतात. खाचांच्या जागी पूड चिकटते आणि कागदाला धक्का लागत नाही.

शाईचंही तसंच. डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या वागू शकतात, एक काळी राहते आणि दुसरी दिसेनाशी होते. तसं झालं तर शाया दोन हे नक्की. पण दोन्ही सारख्या वागल्या तर पेन एकच असं म्हणता येत नाही, कारण त्याच शाईचे लाखो पेन बाजारात असतात. आणि शाई सुकण्याच्या प्रमाणावरून मजकूर परीक्षेच्या तीन तासांत लिहिला की त्याच संध्याकाळी, हे सांगता येत नाही. इतका बारीक वेळ त्यातून निघत नाही.

हस्ताक्षरतज्ज्ञही चुकतात, आणि किती ते मोजलं गेलंय. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८६ तज्ज्ञांना हस्ताक्षरांच्या जोड्या दिल्या होत्या. वेगळ्या माणसांचं लिखाण एकाचंच आहे असं त्यांनी ३.१ टक्के वेळा म्हटलं. एकाच माणसाचं लिखाण दुसऱ्याचं ठरवण्याची चूक १.१ टक्का होती. जुळ्या भावंडांची अक्षरं आली तिथे पहिल्या प्रकारची चूक ८.७ टक्क्यांवर गेली. शिवाय या तज्ज्ञांना ‘निश्चित सांगता येत नाही’ म्हणण्याची मुभा होती. हे सरावलेल्या लोकांचे, शांतपणे बसून, भिंगाखाली केलेल्या तुलनेचे आकडे आहेत. दिवसाला पन्नास उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या नजरेला यापेक्षा जास्त विश्वास देण्याचं कारण मला दिसत नाही.

मग तपासणाऱ्याने करायचं काय? उत्तर जसं आहे तसं वाचून गुण द्यायचे, शंका म्हणून एकही गुण कापायचा नाही आणि उत्तरपत्रिकेवर काहीही शेरा लिहायचा नाही. नोंद वेगळ्या कागदावर करून नियामकांकडे द्यायची. त्या नोंदीत वर्णन असावं, निष्कर्ष नसावा. ‘पान १२ पासून कॉपी’ ही नोंद निरुपयोगी आहे आणि अन्यायकारकही. भौतिकशास्त्राच्या त्या पेपरसाठी अशी नोंद चालेल: ‘पान १ ते ११ आणि पान १२ ते शेवट यांत अक्षर वेगळं दिसतं. बदल पान १२ च्या पहिल्या ओळीपासून, एकदम. शिरोरेषा, ल, ९, खोडण्याची पद्धत आणि आणि/आणी यांत फरक. शाई सारखी दिसते. पान १३ आणि १४ वर ऐकण्यातल्या वाटाव्यात अशा दोन दुरुस्त्या. लेखनिकाची नोंद आहे का, हे पाहावं. गुण नेहमीप्रमाणे दिले आहेत.’

ही नोंद हातात असली की पुढचं काम सोपं होतं. परीक्षाकेंद्राचा त्या दिवसाचा अहवाल काढायचा. त्यात काही नसेल तर त्याच परीक्षार्थीच्या, त्याच परीक्षेतल्या इतर विषयांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवायच्या, कारण घाई, ताण आणि वेळ या सगळ्या बाबतींत तुलनेला त्याच सर्वांत योग्य. पुरवण्यांचे क्रमांक दिलेल्या क्रमांकांशी जुळवायचे, टाके बघायचे. परीक्षार्थीला बोलवायची वेळ आलीच, तर ‘हे कुणी लिहिलं?’ असं दरडावण्याऐवजी ‘पान १२ च्या सुमारास परीक्षेत काही झालं होतं का?’ असं विचारायचं. या पेपरच्या बाबतीत अहवालात एका ओळीची नोंद निघाली, की दुसऱ्या तासाला उजव्या हाताच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि केंद्रसंचालकांच्या परवानगीने लेखनिक दिला, तर नियामकाने ती ओळ नोंदीला जोडायची आणि पान १२ पासून पुढचे गुण आहेत तसे बेरजेत घ्यायचे.